इन्सुलिन वर्गात जवळ ठेवू द्या, हे शाळेला पत्रात कसं लिहायचं

मुलीसाठी शाळेला मी लिहिलेलं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. तिला टाइप १ डायबिटीस आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, तरी इन्सुलिनचं पेन जवळ बाळगण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. तिसऱ्या दिवशी तिच्या वहीत शेरा आला: सर्व औषधे कार्यालयात जमा करावीत, गरज भासल्यास विद्यार्थिनीला तेथे पाठवण्यात येईल. झालं. पेन, सुया, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या असलेलं सगळं पाउच ऑफिसच्या कपाटात गेलं. कपाटाला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे.

तेव्हा मला शाळेचा फार राग आला होता. आज ते पत्र काढून वाचते तेव्हा दिसतं की शाळेनं वेगळं काही का करावं हे मी त्यात लिहिलंच नव्हतं. मी इन्सुलिनबद्दल लिहिलं होतं. वर्गात मुलीच्या जिवाला खरा धोका असतो तो शुगर एकदम खाली जाण्याचा, आणि त्याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता. इन्सुलिन दहा मिनिटं उशिरा मिळालं तर शुगर थोडी चढते, मुलीला तहान लागते, चिडचिड होते, संध्याकाळपर्यंत सगळं ताळ्यावर आणता येतं. ग्लुकोजच्या गोळ्या दहा मिनिटं उशिरा मिळाल्या तर मुलगी बेशुद्ध पडू शकते. शाळेनं कुलपात ठेवलं ते नेमकं हेच.

म्हणून या लेखात मी एकाच पत्राबद्दल लिहिते आहे, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या. दम्याच्या इन्हेलरचं पत्र त्याहून सोपं असतं. त्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी शाळेच्या वेळात शरीरात काय चालू असतं ते बघू, कारण पत्रातलं प्रत्येक वाक्य तिथूनच येतं. टाइप १ मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. बहुतेक मुलांना दोन प्रकारचं इन्सुलिन असतं. एक लांब पल्ल्याचं, जे दिवसातून एकदा घरीच घेतलं जातं. त्याचा शाळेशी संबंध नाही, पत्रात फक्त उल्लेख पुरतो. दुसरं जलद काम करणारं, जे खाण्याआधी घ्यायचं. ते साधारण पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांनी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते अंगात राहतं. मधल्या सुट्टीत घेतलेलं इन्सुलिन म्हणजे सुट्टी संपल्यावरच्या दोन तासांत, नेमक्या वर्ग चालू असताना, पूर्ण भरात असतं. त्यात खेळाचा तास आला तर स्नायू साखर अधिक ओढतात आणि शुगर आणखी खाली येते. कधी कधी खेळून झाल्यावर काही तासांनीसुद्धा.

आता आकडे घालून बघू. समजा मुलीला डॉक्टरांनी सांगितलं आहे की १५ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट, शुगर १२० च्या वर असेल तर दर ६० ला १ युनिट जादा. (हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक मुलाचे वेगळे असतात आणि डॉक्टरच ठरवतात.) मधल्या सुट्टीत ती बोट टोचून बघते, मीटरवर १८२ येतात. म्हणजे १२० च्या वर ६२, त्यासाठी १ युनिट. डब्यात ४५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, घरून चिठ्ठीवर लिहून दिलेली. त्यासाठी ३. एकूण ४ युनिट. ती पेनावर ४ लावते, टोचते, दहापर्यंत मोजते, सुई बाहेर काढते. मग डबा खाते. सगळं मिळून पाच मिनिटं.

याच गणितात शाळेची भीतीही दडलेली आहे आणि ती भीती खोटी नाही. टोचल्यावर मैत्रिणींच्या नादात तिनं डबा खाल्लाच नाही, तर? खाण्यासाठी घेतलेल्या ३ युनिटना काम करायला अन्नच मिळत नाही. १ युनिट ६० नं उतरवतं, म्हणजे ३ युनिट १८० नं उतरवू पाहतील. आणि टोचल्याचं विसरून तिनं पुन्हा ४ युनिट घेतले, तर? आणखी २४०. मुख्याध्यापकांना हा हिशोब येत नसेल, पण चुकीचा डोस गेला तर काय, हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच. पत्रानं तो टाळला की उत्तर ‘ऑफिसात जमा करा’ असं येतं. पत्रात त्या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे: टोचताना एक मोठं माणूस पेनाच्या खिडकीतला आकडा बघेल, वहीत वेळ आणि युनिट लिहिलं जाईल, आणि टोचल्यानंतर डबा खाल्ला जाईल. मोठ्या माणसानं टोचायचं नाही, डोस ठरवायचा नाही, आकडा बघायचा आणि सही करायची. एवढं एक वाक्य लिहिल्यावर आमच्या शाळेचं अर्धं अवघडलेपण गेलं. टोचण्याची जबाबदारी आपल्यावर येते आहे की काय, ही शिक्षकांची धास्ती असते. ती येत नाही, हे लेखी दिसावं लागतं.

आता शुगर खाली जाण्याबद्दल. ७० च्या खाली गेली की लो धरायचं (काही मीटर वेगळ्या एककात दाखवतात, तिथं तो आकडा ३.९ असतो). माझ्या मुलीचं लो होणं आधी तिच्या अक्षरात दिसतं. ओळ उजवीकडे खाली उतरत जाते, मग एकाच शब्दावर पेन्सिल दोनदा फिरते. हात थरथरतात, कपाळावर घाम येतो, रंग फिका पडतो. बाईंनी प्रश्न विचारला तर ती त्यांच्याकडे नुसती बघत राहते, कधी चिडून उलट बोलते. मेंदूला साखर कमी पडत असते. त्या क्षणी ती नीट विचार करू शकत नाही. मुलगी कितीही हुशार असो, स्वतःचं इन्सुलिन स्वतः घेत असो, लो झाल्यावर तिनंच सगळं निभावून न्यावं ही अपेक्षा चुकीची ठरते. मूल स्वतः औषध बाळगतं म्हणून मोठ्यांची गरज संपत नाही, हे पत्रात लिहायलाच हवं. नाहीतर परवानगी मिळते आणि सगळे निर्धास्त होतात.

उपाय सोपा आहे, पण त्याला वेळेचं बंधन आहे. जलद साखर लगेच तोंडात जायला हवी. मुलांसाठी साधारण वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज, असा हिशोब धरतात. ३६ किलोच्या मुलीला सुमारे ११ ग्रॅम. गोळी ४ ग्रॅमची असेल तर ३ गोळ्या. पंधरा मिनिटं बसून राहायचं, पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट देऊ नये. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगर वर आल्यावर पुढं काही खायचं का, ते जेवणाला किती वेळ आहे त्यावर ठरतं आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आता कपाटाचा विचार करा. गणिताच्या तासाला मुलीला वाटतं आपण लो होतो आहोत. ती हात वर करते, बाई फळ्याकडे वळलेल्या आहेत. परवानगी मिळते, ती एकटी निघते, जिना उतरते, ऑफिसात किल्लीवाले जागेवर नाहीत. या सगळ्या वेळात तिची शुगर खालीच जाते आहे, चालण्यानं आणखी. लो झालेल्या मुलाला एकट्याला कुठंही पाठवायचं नाही, हा डायबिटीसच्या काळजीतला अगदी मूलभूत नियम आहे आणि कपाटाची पद्धत तो रोज मोडायला लावते. आमच्याकडे एकदा ती जिन्यात बसलेली सापडली. सापडली ती दुसऱ्या वर्गातल्या मुलीला. त्यानंतर मी दुसरं पत्र लिहिलं.

दुसरं पत्र लिहायच्या आधी मी डॉक्टरांकडे गेले आणि सर्टिफिकेटऐवजी एक वेगळा कागद मागितला. सर्टिफिकेटवर फक्त आजाराचं नाव असतं. शाळेला हवी असते शाळेच्या वेळेची काळजी योजना: कधी तपासायचं, डोस कसा काढायचा, लो झाल्यावर किती गोळ्या, शुगर फार चढली तर काय, बेशुद्ध पडली तर काय, आणि मुलीला स्वतःला कुठलं काम जमतं. हे शेवटचं डॉक्टरांनी लिहिलेलं असलं की फार फरक पडतो. मुलीनं त्यांच्यासमोर तपासून, डोस काढून, पेन लावून दाखवला आणि मग त्यांनी लिहिलं. अमुक इयत्तेपासून परवानगी, अशी रेघ ओढता येत नाही. काही मुलं नवव्या वर्षी हे चोख करतात, काहींना बाराव्या वर्षीही हिशोबाला मदत लागते.

आणि एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकवली होती: पत्रात इन्सुलिनच्या डोसचा आकडा लिहायचा नाही. डोस दर काही आठवड्यांनी बदलतो. पत्रात ४ युनिट लिहिलं आणि आज मुलगी ५ लावते आहे, की देखरेख करणाऱ्या बाई थांबवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. आकडे डॉक्टरांच्या तारीख घातलेल्या कागदावर असू द्यायचे. पत्रात फक्त ‘सोबतच्या योजनेनुसार’. कागद बदलला की नवा द्यायचा आणि जुना परत घ्यायचा.

आमचं दुसरं पत्र जवळजवळ जसंच्या तसं देते. नावं आणि तारखा काढल्या आहेत.

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय: इयत्ता सहावीतील विद्यार्थिनीस वर्गात ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या व इन्सुलिन पेन जवळ ठेवण्यास व वापरण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या मुलीला टाइप १ डायबिटीस आहे. तिला रोज मधल्या सुट्टीत डबा खाण्यापूर्वी रक्तातील साखर तपासून इन्सुलिन घ्यावे लागते. इन्सुलिनमुळे साखर कधी कधी प्रमाणाबाहेर कमी होते. अशा वेळी काही मिनिटांत ग्लुकोज न मिळाल्यास ती बेशुद्ध पडू शकते. म्हणून तिचे निळे पाउच कार्यालयात न ठेवता सतत तिच्याजवळ असावे, अशी विनंती आहे. खेळाच्या तासाला व प्रयोगशाळेतही ते सोबत राहील.

ती स्वतः साखर तपासते, डोस काढते व पेनाने इन्सुलिन घेते. हे तिला जमते, असे डॉक्टरांनी सोबतच्या योजनेत लिहिले आहे. शिक्षकांनी इन्सुलिन द्यावे अशी आमची मागणी नाही. इन्सुलिन घेताना एका नेमलेल्या शिक्षकांनी पेनाच्या खिडकीतील आकडा तिने वहीत लिहिलेल्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे व वहीत सही करावी. आकडा जुळत नसेल तर इन्सुलिन थांबवून मला फोन करावा. काही कारणाने डबा खाण्यास उशीर होणार असेल तर तिला आधीच कळवावे, म्हणजे ती त्याप्रमाणे थांबून इन्सुलिन घेईल.

ती घामाघूम, थरथरती, गोंधळलेली किंवा एरवीपेक्षा वेगळी वागताना दिसली तर साखर कमी झाली असे समजावे. तिला जागेवरच बसवून ३ ग्लुकोज गोळ्या चघळायला द्याव्यात. तपासणीसाठी खोळंबू नये. तिला एकटे सोडू नये, एकटीला वर्गाबाहेर पाठवू नये. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ती बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी व मग मला कळवावे.

साखर वाढलेली असताना तिला वारंवार पाणी प्यावे लागते व लघवीला जावे लागते. त्यासाठी दर वेळी परवानगी मागावी लागू नये. तिला उलट्या होत असतील तर वाट न पाहता मला फोन करावा.

वापरलेल्या सुया ती पाउचमधील झाकणाच्या कडक डबीत टाकेल. डबी घरी आणून आम्ही विल्हेवाट लावू. शाळेच्या कचऱ्यात सुई जाणार नाही. पाउच इतर मुलांच्या हाती देणार नाही, हे तिने मान्य केले आहे व खाली सही केली आहे. तिने हे नियम मोडल्यास परवानगीचा फेरविचार करण्यास आमची हरकत नाही. मात्र ग्लुकोजच्या गोळ्या कोणत्याही कारणाने तिच्यापासून काढून घेऊ नयेत.

वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक व बदली तासाला येणारे शिक्षक यांच्यासाठी एकेक पानाची माहिती सोबत जोडली आहे. शिक्षकांना अर्धा तास भेटून प्रत्यक्ष दाखवण्याची आमची तयारी आहे. कृपया लेखी उत्तर मिळावे.

आपली,
(आईची सही, वडिलांची सही, विद्यार्थिनीची सही, तीन दूरध्वनी क्रमांक)

सोबत: डॉक्टरांची काळजी योजना, तारखेसह. तीन माहितीपाने.

काही वाक्यांमागची कारणं सांगते. ‘तपासणीसाठी खोळंबू नये’ हे मुद्दाम लिहिलं आहे. मीटर शोधण्यात, हात धुण्यात वेळ जातो. तीन गोळ्या उगाच खाल्ल्या तर शुगर थोडी चढेल, नुकसान तेवढंच. लो असताना गोळ्या न मिळण्याचं नुकसान भरून येत नाही. उलट क्रम मात्र चालत नाही: शुगर न तपासता इन्सुलिन कधीच घ्यायचं नाही. मीटरवर ७० च्या खालचा आकडा आला तर आधी गोळ्या, शुगर वर आली की मग जेवण आणि इन्सुलिन, योजनेत जसं लिहिलं असेल तसं.

‘गोळ्या काढून घेऊ नयेत’ हे वाक्य आम्ही नंतर घातलं. शिक्षा म्हणून दप्तर पुढं आणून ठेवायला सांगण्याची पद्धत असते, तेव्हा पाउचही दप्तराबरोबर जातं. त्यानंतर आम्ही पाउच दप्तरात ठेवणंच बंद केलं. ते कमरेला बांधायच्या पट्ट्यात असतं. खेळाच्या तासाला दप्तरं वर्गात राहतात आणि मुलं मैदानावर जातात, तेव्हाही हाच पट्टा उपयोगी पडतो.

तुमच्या डॉक्टरांनी ग्लुकागॉन दिलं असेल तर ते पत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहा. बेशुद्ध मुलाची शुगर वर आणणारं हे औषध इंजेक्शनमध्ये किंवा नाकात सोडायच्या भुकटीच्या रूपात मिळतं. मूल ते स्वतःला देऊ शकत नाही, त्यामुळे ‘जवळ ठेवू द्या’ एवढं पुरत नाही. कोण देईल, त्यांना कोण शिकवेल, ते कुठं ठेवलं आहे, मुदत कधी संपते, हे नावानिशी ठरवावं लागतं. शिक्षकांना ते देता येतं की नाही, याचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून शाळेशी बोलूनच हा परिच्छेद लिहावा.

शुगर सतत मोजणारा सेन्सर अंगावर लावलेला असेल तर मोबाइलचा प्रश्न येतो. बऱ्याच शाळांत मोबाइल आणायला मनाई असते आणि सेन्सरचा आकडा तर बऱ्याचदा मोबाइलवरच दिसतो. पत्रात त्याचा उल्लेख ‘वैद्यकीय उपकरण म्हणून वापरला जाणारा मोबाइल’ असा करा. इतर ॲप बंद ठेवण्याची तयारी दाखवा आणि लो-हायचा गजर तासात वाजू शकतो हे आधीच सांगा. परीक्षेच्या वर्गातही तो, मीटर आणि गोळ्या लागणार, हे परीक्षेच्या दिवशी नाही तर याच पत्रात मागून घ्या. आणखी एक: सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो. शुगर भराभर उतरत असेल तेव्हा त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. मूल थरथरतं आहे आणि मोबाइलवर ९५ दिसतात, तर मुलावर विश्वास ठेवायचा. शिक्षकांच्या पानावर हे ठळक लिहावं, कारण आकडा समोर दिसला की माणूस आकड्यावरच विश्वास ठेवतो.

पेन खराब होण्याबद्दल शाळा विचारते: फ्रिज नको का? न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत फ्रिजमध्ये असतं. वापरात असलेलं पेन साध्या तापमानात चालतं. जलद इन्सुलिनची बहुतेक पेनं ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकतात. नेमके दिवस वेष्टनातल्या कागदावर असतात. पेनावर उघडल्याची तारीख लिहून ठेवायची. खिडकीच्या उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेलं पेन मात्र दगा देतं. बाहेरून काही कळत नाही, नेहमीचा डोस घेऊनही शुगर दोनशेच्या वर चढून बसते आणि उतरत नाही, तेव्हा लक्षात येतं. उन्हाळ्यात आम्ही पाण्यानं थंड राहणारी पिशवी वापरतो. बर्फाला टेकवून ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

इन्हेलरचं पत्र लिहायचं असेल तर सांगाडा हाच, पण काम कमी. मुलाकडे दोन इन्हेलर असतील तर रोजचा प्रतिबंधक घरीच राहतो. वर्गात जवळ हवा तो दम लागल्यावर लगेच श्वासनळ्या मोकळ्या करणारा, बहुधा निळा, सोबत स्पेसर, म्हणजे इन्हेलरला लावायची नळी. किती पफ, किती वेळानं पुन्हा, धावण्याआधी घ्यायचा का, हे डॉक्टरांच्या कागदावरून. पत्रात आपण लिहायचं ते असं: पफ घेऊनही बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत योजनेनुसार पफ देत राहा. आणि नळकांड्यात किती पफ उरलेत ते दर सोमवारी घरी बघायचं. हलवून आवाज आला म्हणजे औषध आहे असं होत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू बाहेर येत राहतो. इथंही कुलपाचा प्रश्न तोच: दम लागलेल्या मुलाला ऑफिसचा जिना चढायला लावू नये.

पत्र हातात देऊन निघून येऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. आठवड्यात उत्तर आलं नाही तर पोच दाखवून विचारा. नकार आला तर तो लेखी मागा आणि कोणत्या मुद्द्यावर आहे ते विचारा. सुयांवर असेल तर डबी दाखवा, चुकीच्या डोसवर असेल तर वहीची आणि सहीची पद्धत दाखवा. नुसतं ‘नियमात बसत नाही’ असं असेल तर मुख्याध्यापकांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे तीच पोच आणि डॉक्टरांचा कागद जोडून अर्ज करता येतो. आणि निर्णय होईपर्यंत निदान ग्लुकोजच्या गोळ्या तरी त्याच दिवसापासून मुलाजवळ राहू द्या, असं वेगळं मागा. ती गोड गोळी आहे, ना सुई ना औषध. आम्हाला एवढं पहिल्याच भेटीत मिळालं. पेनाची परवानगी यायला पुढं अकरा दिवस लागले.

परवानगी आल्यावर मी अर्धा तास शिक्षकखोलीत बसले. बोट टोचून दाखवलं, पेन रिकामं फिरवून खिडकीतला आकडा दाखवला. क्रीडाशिक्षकांनी विचारलं, गोळी चावायची की गिळायची? चावायची, मी म्हटलं, आणि पाणी प्यायला दिलं तरी चालेल. त्यांनी ते पानाच्या मार्जिनमध्ये लिहून घेतलं. बदली शिक्षकांसाठीचं पान वर्गाच्या हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, कारण वर्गावर कुणीही आलं तरी हजेरीपट उघडतंच.

दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी आम्ही पत्र नव्यानं लिहितो. वजन वाढतं, इन्सुलिनचा हिशोब बदलतो, शिक्षक बदलतात. यंदा ती ४२ किलोंची झाली आणि पत्रातल्या तीन गोळ्यांच्या जागी चार झाल्या.